शेत वाटेत होतं की भांडं होतं?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या वाडीची बैठक देवळात बसली. विषय दरवर्षीचाच. खारबांधाच्या आत, खाडीच्या बाजूला, खोलगट जागेत पाच घरं आहेत. खाडीला भरती असली की बांधातल्या उघाडीच्या झडपा बाहेरच्या पाण्याच्या दाबानं बंद होतात. त्या बंद व्हायलाच हव्यात, नाहीतर खारं पाणी आत येईल. पण त्याच वेळी डोंगरावर पाऊस कोसळत असेल, तर पऱ्ह्याचं पाणी खाली येऊन आतच तुंबतं आणि अंगणात चढायला लागतं. घरांना लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं एकरभराचं खाचर आहे. ते अंगणापेक्षा फूटभर खोल असून मध्ये मातीचा बांध आहे. पाणी जोत्याला लागायला आलं तर हा बांध फोडून पाणी खाचरात घ्यायचं, असा ठराव बैठकीपुढे होता.

स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा वाडीतला एक मुलगा उठून म्हणाला, "हा सरळ ट्रॉली प्रॉब्लेम आहे. गाडी भरधाव सुटलीय, तिच्या रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. खटका ओढायचा आणि पाच वाचवायचे. जगभरात बहुतेक लोक हेच उत्तर देतात." केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा वेगळा पेपर आहे, त्यामुळे हे कोडं आता गावोगावच्या अभ्यासिकांत पोचलंय. बैठकीनं माना डोलावल्या. एवढी वर्षं मी तेच कोडं वर्गात शिकवलं, आणि मला त्या मुलाचं बोलणं खटकलं. त्यानं सांगितलेला आकडा खरा होता. कोडं मात्र त्यानं अर्धंच सांगितलं होतं, आणि हे कोडं अर्धं सांगितलं की त्यातून नेमकं उलटं काहीतरी बाहेर पडतं.

फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली गर्भपाताच्या नैतिकतेवर एक निबंध लिहिला. त्यात भरधाव सुटलेल्या ट्रामचा चालक आला. पुढच्या रुळावर पाच माणसं काम करताहेत, बाजूच्या फाट्यावर एक. चालकानं ट्राम फाट्यावर घ्यावी, असं आपल्याला वाटतं. पण फूटबाईंनी हे उदाहरण एकटं दिलंच नव्हतं. त्याच्या जोडीला एक न्यायाधीश होता. गुन्हेगार सापडत नाही, जमाव खवळलाय, कुणाला तरी शिक्षा झाली नाही तर तो पाच ओलिसांना मारेल. न्यायाधीशानं एका निरपराध माणसाला खोटाच दोषी ठरवून फासावर द्यावं का? इथेही पाच आणि एकच, पण इथे आपण नाही म्हणतो. त्यांचा प्रश्न ट्रामबद्दल नव्हताच. आकडे तेच असताना उत्तर का बदलतं, हे त्यांना शोधायचं होतं.

कालवणाची चव बिघडली की आपण एकदम सगळं बदलत नाही. आधी मीठ बघतो, मग आमसूल. या कोड्याचे प्रकार तसे वापरायचे असतात. आकडे जागच्या जागी ठेवायचे, एकच गोष्ट हलवायची आणि मनाचा कौल हलतो का ते पाहायचं. कौल हलला तर ती गोष्ट आपल्या नीतीत कुठेतरी मोजली जाते, मग आपल्याला तिचं नाव माहीत असो वा नसो. पहिला प्रश्न एकटा विचारणं म्हणजे नुसतं मीठ चाखून जेवणाला गुण देण्यासारखं आहे.

बैठकीनंतर मी हे कोडं आमच्या शेजारच्या आबांना सांगितलं. आबा कोकण रेल्वेत ट्रॅकमन होते, आता निवृत्त आहेत. पडवीत बसून त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, सिग्नल दिला की पॉइंट लॉक होतो ओ. गाडी अंगावर आल्यावर कोण फिरवतोय? आणि पाच जण रुळांवर कामाला होते, तर फटाके कुणी लावले नव्हते? सहाशे मीटरवर एक, बाराशेवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. लाल बावटा कुठे होता?" त्यांचे फटाके म्हणजे रुळावर बांधायचे डिटोनेटर. चाक वरून गेलं की आवाज होतो आणि चालक गाडी थांबवतो.

वर्गात असं बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मी पळवाट काढू नकोस म्हणून खाली बसवायचो. कोड्यापुरतं ते बरोबरच होतं. एकच गोष्ट हलवायची तर बाकीची दारं बंद ठेवावीच लागतात. पण आबांनी अख्ख्या नोकरीचं काम दोन वाक्यांत सांगितलं होतं. रेल्वेचं सगळं नियमपुस्तक त्या खटक्यापाशी कुणाला उभं राहावं लागू नये म्हणूनच आहे. आमच्या बैठकीनंही खटक्याला हात घालण्याआधी, उघाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ कोण काढणार, हे विचारायला हवं होतं. कोड्यानं माणसाला ही एक वाईट सवय लागते. त्यातली दारं कुणीतरी मुद्दाम बंद केलेली असतात, आणि आपण समजतो ती जगातच बंद आहेत.

तरीही गाळ काढून झाला आणि पाणी चढलंच, तर? मग कोड्याकडे परत यावं लागतं, आणि इथे आबांच्या रुळांचाच उपयोग होतो. फूटबाईंचा फाटा बाजूला निघून जातो, परत येत नाही. आपल्याकडच्या एकेरी मार्गावर मात्र स्टेशनात लूप लाईन असते. पॅसेंजर लूपला घेतात, समोरून एक्सप्रेस जाते, मग पॅसेंजर पुढच्या टोकाला पुन्हा मुख्य मार्गावर येते. आता पाच माणसं मुख्य मार्गावर, लूप परत येऊन मिळते त्याच्याही पुढे आहेत असं समजा. गाडी नुसती लूपला घेऊन काहीच साधत नाही, ती फिरून पाचांवरच येणार. पण लूपवर एक जाडजूड माणूस उभा आहे. त्याला धडकून गाडी मंदावेल आणि तेवढ्या वेळात पाच जण बाजूला होतील. आता खटका ओढाल?

लूपची कल्पना १९८५ साली ज्युडिथ जार्विस थॉमसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी मांडली. त्यांच्या रुळांची रचना थोडी वेगळी होती, मर्म हेच. साध्या फाट्यावरचा एकटा माणूस केवळ वाटेत असतो. तो तिथे नसता तर आपल्याला आनंदच झाला असता, पाच तर असेही वाचलेच असते. लूपवरचा माणूस नसता तर मात्र आपला बेतच फसला असता. पाच जण वाचतात ते त्याच्या अंगावर. पुलावरून जाड्या माणसाला खाली ढकलून गाडी थांबवावी का, हा थॉमसनबाईंचाच प्रसिद्ध प्रकार या बाबतीत लूपसारखाच आहे. फरक इतकाच की तिथे आपला हात त्या माणसाच्या पाठीला लागतो.

मानसशास्त्रज्ञ मार्क हाउजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून हजारो लोकांना हे प्रकार विचारले होते. साध्या फाट्याला ८५ टक्के लोकांनी मान्यता दिली, पुलावरून ढकलायला १२ टक्क्यांनी. लूपवरच्या जाड्या माणसाला ५६ टक्क्यांनी. मग त्यांनी लूपमध्येच एक गोष्ट हलवली. गाडी अडवायला लूपवर लोखंडाचं जड धूड आहे आणि माणूस त्याच्या पुढ्यात सापडलाय. रूळ तेच, खटका तोच, मरणही तेच. फक्त गाडी आता लोखंडानं थांबते, माणसानं नाही. मान्यता ७२ टक्क्यांवर गेली. हाउजर यांच्या माकडांवरच्या संशोधनात पुढे गैरप्रकार आढळले. हा अभ्यास त्यात नव्हता, तरी मी केवळ त्यावर विसंबलो नसतो. पण २०२० साली ४२ देशांतल्या ७०,००० लोकांना फाटा, लूप आणि पूल विचारले गेले. टक्केवारी देशागणिक खालीवर झाली, पण उतरता क्रम तोच राहिला: फाट्याला सर्वांत जास्त मान्यता, मग लूप, मग पूल.

आता वाडीकडे या. पाणी तुंबतं ती अंगणांची जागा साधारण दोन एकर आहे. तिथे दोन फूट पाणी चढलंय आणि घरांची जोती दीड फुटाची आहेत, असं धरा. म्हणजे घरांत अर्धा फूट पाणी. बांध फोडला तर तेच पाणी दोन एकरांऐवजी तीन एकरांवर पसरेल आणि खाचर फूटभर खोल असल्यानं तिथे जास्त मावेल. हिशेब सोपा आहे: अंगणात एक फूट उरेल, खाचरात दोन फूट होईल. जोतं अर्धा फूट वर राहील. घरं वाचली, लावलेलं भात बुडालं. वरून पऱ्ह्या तसाच वाहत राहिला तर हे गणित तासादोन तासांत कोसळेल, ते वेगळं.

हे झालं भरतीचं. झडपा बंद आहेत, पाणी बाहेर जायला वाट नाही. खाचर इथे भांडं आहे. त्या जागी भराव टाकलेला असता तर बांध फोडून काहीच मिळालं नसतं. पाच घरं वाचतात ती पाणी त्या माणसाच्या भातावर उभं राहतं म्हणून. हा लूपवरचा जाड्या माणूस.

सहा तासांनी ओहोटी लागते. समजा उघाडी खाचराच्या पलीकडच्या टोकाला आहे, तशी ती आमच्याकडे आहेच. आता तोच बांध त्याच जागी फोडला तर पाणी खाचरातून धावत उघाडीकडे जाईल आणि खाडीला मिळेल. खाचर इथे वाट आहे. त्या जागी नुसता ओहोळ असता तर बरंच झालं असतं, पाणी आणखी लवकर उतरलं असतं. हा फाट्यावरचा माणूस.

शेत तेच, मालक तोच, कुदळही तीच. फक्त समुद्राची वेळ बदलली. गंमत अशी की ओहोटीला नुकसान कदाचित जास्तच होईल. उभं पाणी भात कुजवतं, धावतं पाणी भातासकट माती घेऊन जातं. तरीही वाडीत ज्याला ज्याला मी हे दोन्ही प्रकार विचारले, त्यातल्या बऱ्याच जणांना भरतीच्या वेळी बांध फोडणं जास्त अवघड वाटलं. एक बाई म्हणाल्या, "ओहोटीला पाणी त्याच्याकडनं जातंय. भरतीला आपण त्याच्याकडे नेऊन ठेवतोय." मन नुकसानाची बेरीज करत नाही, दुसरंच काहीतरी मोजतं, ते असं हाताला लागतं.

यावर कुणी म्हणेल, ते दुसरं काहीतरी म्हणजे मनाचा भ्रम. थॉमसनबाईंचं स्वतःचं त्या वेळचं मत याच्या जवळपास होतं. दोन रूळ जोडणाऱ्या थोड्याशा जादा लोखंडानं नीती कशी बदलेल, असं त्यांचं म्हणणं. रुळावर माणसं मरत असताना हे म्हणणं मलाही जड वाटतं. मेलेल्याला तो वाटेत होता की भांडं होता यानं काय फरक पडणार? पण आमच्याकडे माणूस मरत नाही, भात बुडतं. आणि ज्याचं भात बुडालं तो दुसऱ्या दिवशी समोर उभा असतो. त्यामुळे करावं की नाही एवढ्यावर प्रश्न संपत नाही, त्याला काय देणं लागतो हा उरतोच. तिथे मला वाट आणि भांडं यांतला फरक स्पष्ट दिसतो. वाटेत आलेल्याचं आपण नुकसान केलं, ते भरून दिलं पाहिजे. ज्याचं शेत भांडं झालं त्याचं आपण नुकसान तर केलंच, शिवाय त्याच्याकडून काम करून घेतलं. एक एकर जमीन एका रात्रीपुरती आपली टाकी झाली. त्याला भरपाई देऊन भागत नाही, भाडंही दिलं पाहिजे. आणि भाड्याची गोष्ट आधी ठरवायची असते, वस्तू वापरून झाल्यावर नाही.

हे मी खाडीकाठी बसून रचलेलं तर्कट नाही. अमेरिकेत मिसिसिपी आणि ओहायो या नद्यांच्या संगमाजवळ बर्ड्स पॉइंट इथे बांध आहे. २ मे २०११ च्या रात्री लष्कराच्या इंजिनीअर दलानं तो सुरुंग लावून फोडला आणि सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतीत पाणी सोडलं. कैरो हे गाव आणि आजूबाजूचे बांध वाचावेत म्हणून. आदल्या दिवसापर्यंत कोर्टकचेरी चालली होती. पण १९२७ च्या महापुरानंतर कायदा करून सरकारनं त्या जमिनींवर पाणी सोडण्याचा हक्क कित्येक दशकं आधीच पैसे मोजून घेतला होता. शेतकरी खूश होते असं नाही, ते नंतरही कोर्टात गेले. पण ती जमीन भांडं आहे, हे कागदावर आधी लिहिलेलं होतं. आमच्या ठरावात त्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. "शेजारील खाचर" असा उल्लेख होता.

या कोड्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण त्या बैठकीत प्रत्यक्ष दिसल्या. पहिली, प्रश्नांचा क्रम. आधी पूल विचारला आणि मग फाटा, तर फाट्याला मिळणारी मान्यता घसरते. उलट क्रमानं पुलाच्या उत्तरावर फारसा परिणाम होत नाही. २०१२ साली एरिक श्विट्झगेबेल आणि फायरी कुशमन यांनी दाखवलं की तत्त्वज्ञानातले डॉक्टरही या क्रमाच्या ओढीतून सुटत नाहीत. म्हणजे मीही नाही. आमच्या मुलानं फाटा आधी सांगितला आणि माना डोलल्या. त्याच्याआधी एखाद्या आजीनं "भरती-ओहोटीचं काय?" असं विचारलं असतं तर त्या तशाच डोलल्या असत्या का, सांगता येत नाही. सभेपुढे उदाहरण कोण पहिलं ठेवतो, यात अर्धा निकाल असतो.

दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलाखतीत किंवा परीक्षेत हे कोडं विचारून माणूस कसा आहे ते कळतं, असा समज आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१८ साली खोलीत उंदीर ठेवून हे तपासलं. पाच उंदरांना विजेचा झटका बसणार, बटण दाबलं तर एकालाच बसेल. झटका खरा नव्हता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. कागदावर ६६ टक्के लोकांनी दाबेन असं म्हटलं. प्रत्यक्ष खोलीत ८४ टक्क्यांनी दाबलं. एखाद्यानं कागदी कोड्यांना काय उत्तरं दिली होती, यावरून तो खोलीत काय करेल याचा अंदाज बांधता आला नाही. म्हणून माणूस पारखायला हे कोडं मला निरुपयोगी वाटतं. उपयोग होतो तो युक्तिवाद पारखायला. "पाचांसाठी एक" असं कुणी म्हणालं की विचारावं: एक कुठे उभा आहे? तो नसता तर तुमचं काम सोपं झालं असतं की अडलं असतं?

आणखी एक प्रश्न थॉमसनबाईंनी म्हातारपणी विचारला. २००८ च्या लेखात त्यांनी आपलं मत फिरवलं. खटक्यापाशी उभ्या असलेल्या वाटसरूनं फाट्याकडेही गाडी वळवू नये, असं त्या म्हणू लागल्या. कारण असं: समजा तिसरा रूळ आहे आणि त्यावर तो वाटसरू स्वतः उभा आहे. पाचांना वाचवायला तो गाडी स्वतःवर घेऊ शकतो. ते करायला तो बांधील नाही, आणि बहुतेक जण करणारही नाहीत. मग स्वतः न मोजलेली किंमत त्यानं त्या एकट्याकडून परस्पर कशी वसूल करावी? आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात. थॉमसनबाईंशी मी पूर्ण सहमत नाही. त्यांचं ऐकलं तर आणीबाणीत कुणीच काही करायचं नाही, असं होऊन बसतं. पण आमच्या बैठकीत हा तिसरा रूळ खराच होता. पाच घरांच्या दुसऱ्या अंगाला ठराव मांडणाऱ्याचंच वीस गुंठ्यांचं खाचर आहे. एक एकराच्या निम्मं, तरी पाणी निम्म्याहून थोडं जास्तच उतरलं असतं. दोन्ही बांध थोडे थोडे फोडले तर भार वाटला गेला असता. ते सुचवायला त्या दिवशी कुणाचं तोंड उघडलं नाही. माझंही नाही. अंगणातलं पाणी माझ्याच जोत्याला लागतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बसलो. या वेळी म्हाताऱ्याला बोलावलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तपकीर ओढली आणि म्हणाला, "ओहोटीला फोडलात तर माती भरून द्या. भरतीला फोडलात तर भाडं किती ते आत्ता सांगा." वीस गुंठेवाल्यानंही कुरकुरत आपला बांध ठरावात घालायला हो म्हटलं. रक्कम ठरायला अर्धा तास गेला. मग वही लिहिणाऱ्यानं विचारलं, हे कुठल्या खात्यावर घालू? वाडीच्या वहीत देणगी, वर्गणी, दंड अशी पानं आहेत, त्यांपैकी हे कशातच बसेना. शेवटी लग्नकार्याला वाडीची भांडी भाड्यानं जातात, त्या पानावर पातेली आणि पराती यांच्या खाली त्यानं लिहिलं: खाचर, एक एकर, एका भरतीचं.